रद्द केलेली प्रिंट रांगेतून जात नाही तेव्हा : एका पतसंस्थेतील प्रकरण

तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या शाखेत तीन संगणक आणि दोन प्रिंटर आहेत. लेखापालांच्या संगणकाला लेसर प्रिंटर यूएसबी केबलने जोडलेला असून विंडोजच्या शेअरिंगमधून तोच प्रिंटर कर्ज विभाग आणि रोखपाल यांच्या संगणकांवरूनही वापरला जातो. पासबुक भरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही लेखापालांच्याच संगणकाला जोडलेला आहे. या जोडणीचा उल्लेख मुद्दाम आधी केला आहे, कारण कोणती सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा कोणता प्रोग्रॅम, कोणत्या संगणकावर थांबवायची आणि त्यामुळे कोणाचे काम खोळंबणार, हे या जोडणीवरूनच ठरते.

महिनाअखेरीच्या सकाळी कर्ज विभागातून एका तारण कर्जाच्या कागदपत्रांची, स्कॅन केलेली बत्तीस पानांची पीडीएफ प्रिंटला दिली गेली. काही पाने निघाल्यावर कागद अडकला आणि प्रिंटरचा लाल दिवा लागला. कारकुनांनी कागद ओढून काढण्याआधी रांगेची खिडकी उघडून ते काम रद्द केले. त्याच्या पुढे `Deleting - Printing` अशी अक्षरे आली आणि तिथेच राहिली. पुढच्या तासाभरात प्रत्येकाने आपापल्या कागदासाठी पुन्हा पुन्हा प्रिंटची आज्ञा दिली, आणि आम्हाला बोलावले गेले तेव्हा रांगेत चौदा कामे उभी होती. त्यांतली निम्म्याहून अधिक एकाच व्हाउचरच्या आणि एकाच ताळेबंदाच्या प्रती होत्या.

लेखापाल बाईंनी फोनवरच सांगितले होते, “मी संगणक बंद करून परत चालू केला, तरी सगळं जसंच्या तसं आहे.” या एका वाक्यात प्रकरणाचा गाभा होता, म्हणून आधी त्याचेच कारण पाहू.

बंद करून चालू केल्याने रांग का मोकळी होत नाही

आपण प्रिंटची आज्ञा देतो तेव्हा वर्ड किंवा पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम थेट प्रिंटरशी बोलत नाही. तो आपले पान प्रिंट स्पूलर या सर्व्हिसच्या हवाली करून मोकळा होतो, आणि प्रिंटर जितक्या वेगाने घेईल तितक्या वेगाने ते पुढे सरकवण्याचे काम ही सर्व्हिस पडद्यामागे करत राहते. हवाली झालेले काम ती केवळ स्मरणात ठेवत नाही, तर `C:\Windows\System32\spool\PRINTERS` या फोल्डरमध्ये डिस्कवर लिहून ठेवते. प्रत्येक कामाच्या साधारणपणे दोन फाइली असतात: `.SPL` मध्ये छापायचा मजकूर असतो, आणि `.SHD` मध्ये ते काम कोणाचे, कोणत्या प्रिंटरसाठी, किती प्रतींचे, अशी माहिती असते. दोन्हींच्या नावात एकच पाच आकडी क्रमांक असतो. सर्व्हिस सुरू होताना हा फोल्डर वाचते आणि त्यात जे सापडेल त्यावरून रांग पुन्हा उभी करते. अर्ध्यावर वीज गेली तरी कामे हरवू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. अडकलेले कामही ती तितक्याच निष्ठेने परत आणते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक संगणकांवर फास्ट स्टार्टअप सुरू असते. त्यामुळे `Shut down` केल्यावर वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्याबरोबर चालणाऱ्या सर्व्हिसेस जशा आहेत तशा डिस्कवर साठवल्या जातात आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होतात. म्हणजे लेखापाल बाईंनी बटण दाबून संगणक बंद केला तेव्हा स्पूलर खऱ्या अर्थाने बंद झालाच नव्हता. `Restart` निवडले असते तर तो नव्याने सुरू झाला असता, परंतु फोल्डरमधल्या फाइली तशाच राहिल्यामुळे रांगही परत आली असती.

म्हणूनच नुसते “स्पूलर रीस्टार्ट करा” हा सल्ला अर्धा आहे. सर्व्हिसेसच्या खिडकीत `Print Spooler` वर उजवी क्लिक करून `Restart` दाबले की थांबणे आणि सुरू होणे एकापाठोपाठ उरकते, आणि ज्या क्षणी फाइली काढायला हव्यात तो मधला क्षणच हाती लागत नाही. सर्व्हिसचा एखादा धागा, म्हणजे तिच्या आत स्वतंत्रपणे चालणारे एखादे काम, नुसता गोंधळला असेल तर तेवढ्याने भागते. काम डिस्कवर अडकलेले असेल तर भागत नाही. थांबवणे, फोल्डर रिकामा करणे आणि मग सुरू करणे, हा क्रम त्यामुळे महत्त्वाचा आहे.

रांग खरोखर अडकली आहे का, आणि कुठे

सर्व्हिसला हात लावण्याआधी काही साध्या शक्यता दूर कराव्या लागतात, कारण बाहेरून त्याही अडकलेल्या रांगेसारख्याच दिसतात. रांगेच्या खिडकीत `Pause Printing` किंवा `Use Printer Offline` यांवर चुकून खूण झालेली असेल तर कामे साचत जातात, पण ती काढून टाकण्याची गरज नसते. खूण काढली की ती आपोआप छापली जातात. प्रिंटरच्या गुणधर्मांतील `Advanced` पानावर `Keep printed documents` निवडलेले असेल तर छापून झालेली कामेही यादीत राहतात आणि पाहणाऱ्याला वाटते की काहीच निघत नाही. या शाखेत यांपैकी काहीही नव्हते. पहिल्या कामापुढची `Deleting - Printing` ही अक्षरे आणि बाकी सर्व कामांचे त्याच्यामागे निमूट उभे राहणे, ही अडकण्याची स्पष्ट खूण होती.

असे का होते, तेही सांगायला हवे. स्पूलर यूएसबीवरून प्रिंटरला मजकुराचा एक तुकडा देतो आणि तो घेतल्याची खूण येण्याची वाट पाहतो. कागद अडकलेला असताना प्रिंटर नवीन मजकूर घेत नाही, त्यामुळे ही वाट संपत नाही. त्याच वेळी कोणी काम रद्द केले तर स्पूलर त्यावर रद्द झाल्याची नोंद करतो, पण चालू असलेले पाठवणे संपल्याशिवाय ते काम यादीतून प्रत्यक्ष काढू शकत नाही. पाठवणे संपत नाही, म्हणून रद्द होणेही संपत नाही. अनेकदा कागद काढून प्रिंटरचे झाकण नीट लावले की ही गाठ आपोआप सुटते, आणि पहिला प्रयत्न तोच असावा. इथे कागद काढून झाल्यावरही परिस्थिती बदलली नव्हती.

दुसरा प्रश्न जागेचा. कर्ज विभागातील कारकुनांनी आपल्या संगणकावर सर्व्हिस रीस्टार्ट करून पाहिली होती आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता, यात आश्चर्य नाही. शेअर केलेल्या प्रिंटरची मूळ रांग ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे त्या संगणकावर असते. या ठिकाणी ती लेखापालांच्या संगणकावर होती.

पासबुकाची अडचण

`PRINTERS` हा फोल्डर एका प्रिंटरचा नसतो, त्या संगणकावरच्या सर्व प्रिंटरांचा असतो. तो सरसकट रिकामा केला तर लेसरबरोबर पासबुक प्रिंटरची वाट पाहणारी कामेही जातात. कागदी अहवाल पुन्हा काढता येतो, परंतु पासबुकाचे तसे नसते. या संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पासबुकाची नोंद रांगेकडे गेली की ती छापली गेली असे धरले जाते, कारण कागदावर अक्षर उमटले की नाही हे त्याला कळत नाही. ती फाइल पुसली गेली तर खातेदाराच्या पासबुकात मधल्या ओळी गळतात, आणि त्या पुन्हा छापण्यासाठी रोखपालाला शेवटची छापलेली ओळ हाताने मागे न्यावी लागते.

सुदैवाने प्रत्येक प्रिंटरची रांग स्वतंत्र चालते, त्यामुळे लेसर अडकलेला असतानाही पासबुके भरली जात होती. आम्ही रोखपालांना काउंटरवरची हातातली पासबुके पूर्ण करू दिली, त्या प्रिंटरची रांग रिकामी झाल्याची खिडकीतून खात्री केली आणि मगच सर्व्हिस थांबवायला घेतली. या वाट पाहण्यात काही मिनिटे गेली, पण संपूर्ण कामात याइतकी किफायतशीर खबरदारी दुसरी नव्हती असे मला वाटते.

लेसरच्या रांगेतील चौदा कामांची नावे आणि ती कोणाची आहेत हे एका कागदावर टिपून घेतले. पुन्हा काय छापायचे हे नंतर आठवणीने सांगता येत नाही, आणि फाइली गेल्यावर यादीही जाते.

सर्व्हिस थांबवणे

स्टार्ट मेनूत `cmd` टाइप करून कमांड प्रॉम्प्ट `Run as administrator` ने उघडला. साध्या खिडकीतून हीच आज्ञा दिल्यास `System error 5 has occurred. Access is denied.` असे उत्तर येते, आणि पुष्कळ जण इथेच अडून बसतात. पॉवरशेलऐवजी कमांड प्रॉम्प्ट निवडण्यामागे कारण आहे: खाली वापरलेले `%systemroot%` पॉवरशेलमध्ये तसे चालत नाही, आणि विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये नुसत्या `sc` चा अर्थच वेगळा होतो.

```
net stop spooler
```

साधारणपणे काही क्षणांत `The Print Spooler service was stopped successfully.` असे उत्तर येते. इथे मात्र ठिपके उमटत राहिले आणि शेवटी सर्व्हिस थांबवता आली नाही असा संदेश आला. नेमकी स्थिती पाहण्यासाठी पुढची आज्ञा दिली.

```
sc queryex spooler
```

`STATE` च्या ओळीत `STOP_PENDING` होते, म्हणजे सर्व्हिसने थांबायचे मान्य केले होते, पण तिचा एक धागा अजून यूएसबीकडे डोळे लावून बसला होता. लेसर प्रिंटरचे बटण बंद करून केबल काढली. पुष्कळदा एवढ्याने पाठवणे निष्फळ ठरते आणि सर्व्हिस आपणहून थांबते, म्हणून थोडा वेळ थांबलो. स्थिती बदलली नाही, तेव्हा ती प्रक्रिया जबरदस्तीने संपवणे एवढाच मार्ग उरला.

```
taskkill /F /IM spoolsv.exe
```

प्रक्रिया संपल्याचा संदेश आला. इथे घाईने फाइली पुसायला जाऊ नये. सर्व्हिसेसच्या खिडकीत प्रिंट स्पूलरच्या गुणधर्मांत `Recovery` नावाचे पान असते, आणि सर्व्हिस अनपेक्षितपणे पडली तर ती पुन्हा सुरू करावी अशी सूचना तिथे आधीपासून दिलेली असते. विंडोजच्या दृष्टीने आपण केलेले काम म्हणजे अनपेक्षित पडणेच आहे. अपेक्षेप्रमाणे थोड्या वेळाने `sc queryex spooler` पुन्हा दिल्यावर स्थिती `RUNNING` आणि `PID` च्या ओळीतला क्रमांक नवा दिसला. स्पूलर परत उठला होता. मात्र आता प्रिंटर जोडलेलाच नसल्यामुळे त्याला कोणाची वाट पाहायची नव्हती, आणि दुसऱ्यांदा दिलेली `net stop spooler` ही आज्ञा त्याने लगेच पाळली. पुन्हा एकदा स्थिती विचारली, `STOPPED` दिसले, आणि मगच पुढे गेलो.

फोल्डर रिकामा करणे

पुसण्याआधी फोल्डरमध्ये काय आहे ते पाहिले.

```
dir "%systemroot%\System32\spool\PRINTERS"
```

यादी बोलकी होती. बहुतेक `.SPL` फाइली काही केबी ते एखाद्या एमबीच्या होत्या, आणि सर्वांत जुन्या वेळेची एक फाइल मात्र एकशे चाळीस एमबीच्या आसपास होती. कर्जाच्या कागदपत्रांचे काम तेच होते, हे वेळेवरून आणि आकारावरून उघड होते. अशा वेळी सर्व काही पुसणे अनिवार्य नसते: तेवढ्या एका क्रमांकाची `.SPL` आणि `.SHD` ही जोडी काढली, तर सर्व्हिस सुरू झाल्यावर उरलेली कामे रांगेत परत येतात आणि छापली जातात. महत्त्वाची, पुन्हा काढायला अवघड अशी कामे मागे उभी असतील तर हाच मार्ग योग्य. जोडीतली एकच फाइल काढू नये. दोन्ही एकत्र काढाव्यात. इथे मागची बहुतेक कामे एकमेकांच्या प्रती असल्याने आणि यादी कागदावर उतरवलेली असल्याने आम्ही फोल्डर पूर्ण रिकामा केला.

```
del /F /Q "%systemroot%\System32\spool\PRINTERS\*.*"
```

या आज्ञेला “दुसरी प्रक्रिया ही फाइल वापरत आहे” अशा अर्थाचे उत्तर आले तर सर्व्हिस खरोखर थांबलेली नाही असे समजावे आणि मागच्या पायरीवर जावे. हेच काम फाइल एक्स्प्लोररमधूनही करता येते. फोल्डर उघडताना परवानगीची खिडकी येते आणि तिथे `Continue` दाबावे लागते. तसे करताना एक धोका असतो. `PRINTERS` च्या शेजारीच, `spool` मध्ये `drivers` आणि `prtprocs` असे फोल्डर असतात. ते प्रिंटरच्या ड्रायव्हरांचे घर आहे, आणि साफसफाईच्या भरात ते पुसले तर साधी अडकलेली रांग बाजूला राहून प्रिंटरच नव्याने बसवण्याची पाळी येते. फक्त `PRINTERS` च्या आतल्या फाइली काढायच्या, तो फोल्डरदेखील नाही.

“आधी फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवू या का?” असे शाखाधिकाऱ्यांनी विचारले. मी नको म्हणालो. `.SPL` मध्ये छापायचे पान असते, म्हणजे इथे कर्जदाराचे उतारे, ओळखपत्रे आणि सह्या होत्या. मूळ पीडीएफ संस्थेकडे होतीच. तिची आणखी एक बेवारस प्रत तयार करण्याचे काहीच कारण नव्हते.

सर्व्हिस सुरू करण्याआधी कर्ज विभागाच्या संगणकाकडे गेलो. शेअर केलेल्या प्रिंटरला दिलेले काम बहुधा आधी स्वतःच्याच संगणकावर तयार होते आणि मग मूळ रांगेकडे पाठवले जाते. त्यामुळे तिथल्या `PRINTERS` फोल्डरमध्येही काही पोहोचायचे राहिलेले असू शकते. तसे एक काम तिथे होते, आणि तेही त्याच पीडीएफचे, दुसऱ्यांदा दिलेले. ते तसेच राहिले असते तर लेखापालांचा संगणक सज्ज होताच ते पुन्हा रांगेत येऊन पहिल्या जागी उभे राहिले असते, आणि आपण केलेले सगळे व्यर्थ गेले असे वाटले असते. तिथेही सर्व्हिस थांबवून फोल्डर रिकामा केला. रोखपालांच्या संगणकावर काही सापडले नाही.

त्यानंतर लेखापालांच्या संगणकावर:

```
net start spooler
```

आणि मग कर्ज विभागाच्या संगणकावर तीच आज्ञा. प्रिंटर अजून बंदच होता. रांगेची खिडकी उघडून ती रिकामी असल्याचे पाहिले, प्रिंटरच्या मागच्या झडपेत उरलेला कागदाचा कपटा काढला, आणि मगच प्रिंटर चालू केला. प्रिंटर या काळात बंद असणे सोयीचे असते, कारण अर्धवट आलेले पान त्याच्या स्वतःच्या मेमरीतही असते. संगणकावरची रांग साफ केली आणि प्रिंटर तसाच चालू ठेवला, तर कधी कधी तो अर्धे पान किंवा निरर्थक चिन्हांची पाने ओकत राहतो.

नंतर काय पाहिले

प्रथम विंडोजचे टेस्ट पेज लेखापालांच्या संगणकावरून काढले, मग एकेक पान दुसऱ्या दोन्ही संगणकांवरून, आणि शेवटी रोखपालांकडून एका पासबुकातली एक नोंद. टिपलेल्या यादीतली वेगवेगळी कामे मोजली तर ती पाचच भरली. उरलेल्या अधीर प्रती होत्या. तारण कर्जाची पीडीएफ मात्र एकदम दिली नाही. ती रंगीत आणि गरजेपेक्षा बऱ्याच जास्त बारकाव्याने स्कॅन झालेली होती, म्हणून ३०० डीपीआयवर कृष्णधवल स्कॅन करून आठ-आठ पानांच्या तुकड्यांत छापली.

मोठी फाइल हे अडकण्याचे मूळ कारण होते असे मी म्हणणार नाही. मूळ कारण मागच्या झडपेतला कपटा होते, कारण टेस्ट पेजच्या वेळी तो काढलेला होता आणि नंतर एकही पान अडकले नाही. फाइलचा आकार एवढाच नडला की पाठवणे लांबले आणि रद्द करण्याची आज्ञा नेमकी त्याच्या मध्यात आली. रिकामी केलेली रांग त्याच कामावर पुन्हा अडकली असती, तर मात्र ती फाइल किंवा ड्रायव्हर संशयास्पद ठरला असता. आणि सर्व्हिस सुरू केल्यावर कोणी न थांबवता वारंवार बंद पडत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या `System` लॉगमध्ये ७०३१ किंवा ७०३४ क्रमांकाच्या नोंदी दिसतात. तो बहुधा बिघडलेल्या ड्रायव्हरचा मामला असतो आणि फोल्डर कितीदाही रिकामा केला तरी सुटत नाही.

पुढच्या वेळी अंदाज बांधावा लागू नये म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमधील `Microsoft-Windows-PrintService/Operational` हा लॉग सुरू करून ठेवला. तो मुळात बंद असतो. छापल्या गेलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद त्यात होते, तीत प्रिंटर, वापरकर्ता आणि पानांची संख्या मिळते. कागदपत्राचे नाव मात्र विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून वेगळी परवानगी दिल्याशिवाय तिथे येत नाही, आणि पतसंस्थेत ते न आलेलेच बरे असे शाखाधिकाऱ्यांचे मत पडले.

या सर्व आज्ञा एका बॅच फाइलमध्ये घालून डेस्कटॉपवर ठेवाव्यात, अशी कारकुनांची मागणी होती. ती फाइल केली, पण फक्त लेखापालांच्या संगणकावर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात ठेवली, आणि तिच्या पहिल्याच ओळीत पासबुक प्रिंटरची रांग रिकामी असल्याची खात्री करा असा संदेश दाखवून कळ दाबेपर्यंत थांबण्याची आज्ञा घातली. फास्ट स्टार्टअप त्या संगणकावर बंद केले, त्यामुळे आता रोजच्या बंद-चालूत स्पूलर नव्याने सुरू होतो. फोल्डरमधल्या फाइलींवर त्याचा काही परिणाम होत नाही, हे लेखापाल बाईंना तेव्हाच सांगितले.